फाउंडर कंपनी सोडतो तेव्हा: गुड लीव्हर, बॅड लीव्हर आणि त्याच्या शेअर्सचा भाव

नाशिकमध्ये गेल्या काही वर्षांत दोघा-तिघा मित्रांनी मिळून काढलेल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या बऱ्याच झाल्या. गुंतवणूकदार आला की चाळीस पानांचं शेअरहोल्डर्स अ‍ॅग्रीमेंट सहीला येतं. त्यात 'लीव्हर' म्हणजे सोडून जाणाऱ्या माणसाबद्दलचं एक कलम असतं आणि ते सहसा कोणी नीट वाचत नाही. माझ्याकडे लोक येतात तेव्हा एक जण आधीच बाहेर पडलेला असतो आणि वाद एकाच गोष्टीवर अडलेला असतो: त्याच्या शेअर्सचे किती द्यायचे?

आधी एक गैरसमज काढून टाकू. संचालकपदाचा राजीनामा दिला म्हणून शेअर्स आपोआप परत जात नाहीत. राजीनाम्यानंतर कंपनी ३० दिवसांत डीआयआर-१२ हा फॉर्म कंपनी रजिस्ट्रारकडे भरते आणि तो विषय तिथे संपतो. शेअर्स मात्र त्याच माणसाच्या नावावर राहतात. ते परत घेण्याचा हक्क कंपनी कायदा देत नाही, तो तुमच्या करारातून येतो. 'गुड लीव्हर' आणि 'बॅड लीव्हर' हे शब्दही कायद्यात नाहीत. करारात जे लिहिलं असेल तेच पात्रतेचे निकष.

साधारणपणे मृत्यू, कायमचं अपंगत्व, गंभीर आजार किंवा चूक नसताना काढून टाकणं यांत माणूस गुड लीव्हर ठरतो. अफरातफर, गुन्ह्यात शिक्षा, कराराचा गंभीर भंग यांत बॅड लीव्हर. खरी भांडणं साध्या राजीनाम्यावरून होतात. 'ठरलेल्या मुदतीआधी स्वतःहून सोडलं तर बॅड लीव्हर' असं वाक्य बऱ्याच करारांत असतं. आई अंथरुणाला खिळली म्हणून गावी परतलेला आणि प्रतिस्पर्ध्याकडे गेलेला, दोघेही मग एकाच रांगेत उभे राहतात. हे मला अन्यायाचं वाटतं. राजीनाम्यासाठी मधला वर्ग ठेवा आणि कोण कोणत्या वर्गात बसतो हे उरलेल्या फाउंडर्सच्या बोर्डावर सोडू नका. स्वस्तात शेअर्स घेणारे तेच असतात. वाद झाला तर लवाद ठरवेल आणि तोवर हस्तांतरण थांबेल, असं लिहून घ्या.

आता भावाकडे येऊ. गंगापूर रोडवर ऑफिस असलेली, द्राक्ष निर्यातदारांसाठी सॉफ्टवेअर करणारी एक कंपनी कल्पनेत घ्या. एकूण १,००,००० शेअर्स, दर्शनी किंमत १० रुपये. तीन फाउंडर्सचे प्रत्येकी ३०,००० आणि गुंतवणूकदाराचे १०,०००. व्हेस्टिंग, म्हणजे शेअर्स टप्प्याटप्प्याने पक्के होणं, चार वर्षांचं, पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर दरमहा. एक जण ३० महिन्यांनी बाहेर पडतो. ४८ पैकी ३० महिने म्हणजे १८,७५० शेअर्स व्हेस्ट झाले, ११,२५० राहिले.

नोंदणीकृत मूल्यांकनकाराने बाजारभाव ४०० रुपये काढला असं धरा. गुड लीव्हरला व्हेस्ट झालेल्या शेअर्सचे ७५,००,००० आणि न झालेल्यांचे दर्शनी किमतीने १,१२,५०० मिळतील, एकूण ७६,१२,५०० रुपये. बॅड लीव्हरचे सगळे शेअर्स दर्शनी किमतीने जातील, म्हणजे ३,००,००० रुपये. एका शब्दावर ७३ लाखांचा फरक पडतो.

पण हिशेब इथे संपत नाही, आणि हीच जागा करार लिहिणारे विसरतात. अनलिस्टेड शेअर्स कमी भावात विकले तरी प्राप्तिकर खातं आपल्या सूत्राने आलेला भावच विक्रीची किंमत धरतं. १९६१ च्या कायद्यात हे कलम ५०सीए होतं. एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात क्रमांक बदलले, तत्त्व तेच आहे. सूत्र मुख्यतः ताळेबंदावर चालतं. शेअर विकायला बंधन आहे की नाही हे ते पाहत नाही. आपल्या कंपनीत त्या सूत्राने भाव १५० रुपये आला तर ३०,००० शेअर्सची किंमत ४५ लाख धरली जाईल. शेअर्स मुळात ३ लाखांना घेतले होते, म्हणून नफा ४२ लाख. २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या अनलिस्टेड शेअर्सवर दीर्घकालीन कर १२.५ टक्के, म्हणजे ५,२५,००० रुपये आणि वर सेस. हातात आले तीन लाख आणि कर सव्वापाच लाख.

घेणाराही सुटत नाही. मिळालेल्या सवलतीचा फरक ५०,००० रुपयांवर गेला की तो त्याचं उत्पन्न धरला जातो. दोघांनी निम्मे-निम्मे घेतले तर प्रत्येकाच्या उत्पन्नात २१ लाखांची भर. गुड लीव्हरच्या व्हेस्ट न झालेल्या शेअर्सनाही हाच नियम लागतो. म्हणून किमतीच्या कलमात 'दर्शनी किंमत किंवा प्राप्तिकर नियमांनुसार येणारी किंमत, यांपैकी जी जास्त' असं लिहावं, असं माझं मत आहे. घेणाऱ्याला जास्त मोजावे लागतील, पण त्याच्या उत्पन्नात भर पडणार नाही आणि विकणाऱ्याला न मिळालेल्या पैशांवर कर भरावा लागणार नाही.

भाव कोणत्या तारखेचा, हेही लिहा. राजीनामा दिला तो दिवस, नोटीस संपली तो दिवस, की हस्तांतरणाचा दिवस? मधल्या काळात मोठी ऑर्डर आली तर आकडा बदलतो. मूल्यांकनकाराने अल्पमताची सूट, म्हणजे नियंत्रण नसलेल्या छोट्या हिश्शाचा भाव कमी धरणं, कापायची की नाही, हेही करारातच ठरवा.

घेणार कोण? कंपनीला एकट्याचेच शेअर्स सहज परत घेता येत नाहीत, कारण बायबॅक सगळ्यांना त्यांच्या प्रमाणात देऊ करावा लागतो. परदेशी गुंतवणूकदाराने भारतीय फाउंडरकडून घ्यायचे तर फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमांप्रमाणे वाजवी किमतीच्या खाली घेता येत नाहीत. दर्शनी किमतीचं कलम त्याच्या बाबतीत चालतच नाही. म्हणून घेणारे सहसा उरलेले फाउंडर्स किंवा भारतीय गुंतवणूकदार असतात.

आणखी एक अट. हे कलम कंपनीच्या आर्टिकल्समध्येही, म्हणजे तिच्या नियमावलीतही हवं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रंगराज खटल्यात सांगितलं की आर्टिकल्समध्ये नसलेलं शेअर विक्रीवरचं बंधन कंपनीवर किंवा भागधारकांवर लागू होत नाही. आर्टिकल्स बदलायला विशेष ठराव, म्हणजे ७५ टक्के मतं लागतात. आपल्या उदाहरणात बाहेर पडणाऱ्याकडेच ३० टक्के आहेत. वाद सुरू झाल्यावर तो हा ठराव पाडू शकतो. त्यामुळे सह्या होतात त्याच महिन्यात ठराव करा आणि ३० दिवसांत त्याचा एमजीटी-१४ फॉर्म रजिस्ट्रारकडे भरा. शेअर्स पत्नीच्या किंवा आईच्या नावावर ठेवले असतील, आपल्याकडे हे फार होतं, तर त्यांचीही करारावर सही घ्या.

प्रत्यक्ष हस्तांतरणाला करार आणि आर्टिकल्सची प्रत, व्हेस्टिंगचा तक्ता, राजीनामा किंवा बडतर्फीचं पत्र, मूल्यांकन अहवाल, दोघांचे पॅन, मूळ शेअर सर्टिफिकेट आणि शेअर हस्तांतरणाचा एसएच-४ फॉर्म लागतो. शेअर्स डिमॅटमध्ये असतील तर एसएच-४ ऐवजी डिपॉझिटरीची सूचना स्लिप. एसएच-४ वर रक्कम अंकी आणि अक्षरी लिहायची असते, साक्षीदाराची सही लागते. स्टॅम्प ड्युटी ०.०१५ टक्के, म्हणजे ३ लाखांवर ४५ रुपये. तारीख घातल्यापासून ६० दिवसांत फॉर्म कंपनीकडे पोचला पाहिजे. भाव ठरण्याआधीच सही करून तारीख घातलेले फॉर्म मी पाहिले आहेत. वाद चार महिने चालला, मुदत गेली आणि पुन्हा सही मागायला जावं लागलं ते त्याच माणसाकडे, जो तोवर फोन उचलेनासा झाला होता. म्हणून तारीख भाव ठरल्यावरच घाला. फॉर्म मिळाला की बोर्डाचा ठराव, सभासद रजिस्टरमध्ये नोंद आणि एका महिन्यात घेणाऱ्याच्या नावाचं सर्टिफिकेट.