सीओपीडी: ‘हलकं’ खाणं वेगळं, ‘थोडं’ खाणं वेगळं

सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या पेशंटला जेवताना दम लागायला लागला की घरातले लगेच म्हणतात, आता हलकंच द्या, आणि मग पेज, सूप, डाळीचं पाणी सुरू होतं. गडबड इथेच होते. डॉक्टर म्हणतात थोडं थोडं द्या आणि आपण ऐकतो हलकं द्या.

आजारात फुफ्फुसात हवा अडकून ती फुगलेली राहतात, त्याने श्वासाचा पडदा आधीच खाली दाबला गेलेला असतो. त्यात पोट गच्च भरलं की पडद्याला हलायला जागाच नाही, वर चावताना-गिळताना श्वास थांबतो तो वेगळाच. म्हणजे अडचण पोटात किती मावलं याची आहे, तूप होतं की नाही याची फारशी नाही. उलट नुसता श्वास ओढायलाच या माणसाची जास्त ताकद जाते, म्हणजे त्याला कॅलरी कमी नाही, जास्तच लागतात.

लालबागच्या एका काकांचंच घ्या, उंची 165 सेंटिमीटर, वजन 45 किलो, म्हणजे बीएमआय साधारण 16.5, आणि 18.5 च्या खाली कमीच धरतात. काकू सकाळी मोठा वाडगा पेज द्यायच्या. 25 ग्रॅम तांदूळ, बाकी पाणी, जेमतेम 90 कॅलरी आणि पोट मात्र टम्म. त्याऐवजी अर्धी वाटी मऊ मूगडाळ खिचडी, कोरडं धान्य साधारण 30 ग्रॅम, वर दोन छोटे चमचे तूप आणि चमचाभर बारीक दाण्याचं कूट: जवळपास 250 कॅलरी, तेही निम्म्याहून कमी जागेत! असं दिवसातून पाच-सहा वेळा, मध्ये मिल्क पावडर घातलेलं दूध, केळं, बटरमधली मऊ अंड्याची भुर्जी. प्रोटीन हवंच, नुसत्या तुपाने स्नायू भरत नाहीत.

पाणी आणि चहा जेवणाबरोबर नको, तासभर आगेमागे. सोडा, कोबी, राजमा याने गॅस होत असेल तर टाळा. आधी अर्धा तास आराम, पंप घ्यायचा असेल तर जेवणाआधी घ्यावा का ते डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि ऑक्सिजन लावलेला असेल तर नळी जेवताना काढू नका (बरेच जण काढतात, आणि मग जेवण अर्ध्यावर सुटतं). टेबलावर कोपर टेकवून ताठ बसलं की बरं पडतं. भूक सकाळी चांगली असेल तर मोठा वाटा तेव्हाच द्या, रात्रीसाठी ठेवू नका.

हे सगळ्यांना सरसकट लागू नाही. स्टेरॉइडमुळे शुगर वाढलेली असेल तर साखर-गूळ घालून कॅलरी वाढवू नका, आणि बरेच दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नसेल तर एकदम वाढवणं धोक्याचं, डॉक्टरांना विचारूनच करा. घास घेताना दर वेळी ठसका लागत असेल तर तो नुसता दम नसतो, गिळणं तपासून घ्या. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं म्हणून पेढे वाटू नका, आधी घोट्यावर बोट दाबून बघा, खळगा राहिला तर ते पाणी आहे, लगेच डॉक्टरांना दाखवा.