घरमालकाची एक नोटीस, विषय तीन: पाइप, भाडेवाढ आणि घरात प्रवेश

मुंबईतल्या एखाद्या जुन्या इमारतीत जिन्याजवळ कागद लागतो: गळके पाइप बदलणार, १ एप्रिलपासून ६०० रुपये भाड्याचे ७५० होणार, कामासाठी सर्वांनी घरे उघडी ठेवावीत. कागद एक असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये या तिन्ही गोष्टींची कलमे वेगळी आहेत. उत्तरही मुद्देवार द्यावे.

आधी आपण कोण ते पाहा. हे पागडीच्या किंवा भाडेपावतीवर राहणाऱ्या भाडेकरूंसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांना भाडेवाढीबाबत करारातलेच कलम लागू होते.

कलम ११ प्रमाणे वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. म्हणजे ६०० चे ६२४. उरलेले १२६ रुपये कुठून आले, हे लेखी विचारा. इमारतीत सुधारणा केली म्हणून जादा वाढ मागायची, तर त्या कामाला ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते. गळका पाइप बदलणे ही माझ्या मते सुधारणा नव्हे, साधी दुरुस्ती आहे. ती कलम १४ नुसार घरमालकाचीच जबाबदारी, भाडेकरूने वेगळे कबूल केले नसेल तर. म्हणून ‘पाहून सही करा’ म्हणत फिरवलेल्या कागदावर घाईने सही करू नका. तीच संमती म्हणून पुढे येऊ शकते.

घरात यायचे तर कलम २८ प्रमाणे आधी कळवून, वाजवी वेळी. प्लंबर कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणाच्या मोरीत काम करणार, हे लिहून मागा आणि दार उघडा. विनाकारण अडवलेत तर काम रखडल्याचा दोष तुमच्यावर येईल. मात्र वाढीव भाडे देईपर्यंत पाणी तोडण्याची धमकी आली, तर कलम २९ खाली न्यायालयात अर्ज करता येतो. मुंबईत लघुवाद न्यायालयात.

नोटीस लावून काम सुरूच झाले नाही, तर भाडेकरूंनी मिळून घरमालकाला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी. त्यानंतरही वाजवी मुदतीत हालचाल नसेल तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. समजा तिघांचे मासिक भाडे ६००, ४०० आणि २०० रुपये, आणि खर्च आला ३,००० रुपये. भाड्याच्या प्रमाणात वाटे होतात १,५००, १,००० आणि ५००. एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नको. पहिल्याची मर्यादा १,८००, दुसऱ्याची १,२००, तिसऱ्याची ६००. तिघेही आत बसतात. हाच खर्च ६,००० झाला असता, तर पहिल्या वर्षी सगळा वळता झाला नसता.

जपायचे कागद: भाडेपावत्या, जिन्यातल्या नोटिशीचा तारखेसह फोटो, तुमच्या नोटिशीची प्रत आणि पोच, गळतीचे फोटो, प्लंबरचे सही केलेले बिल. बिल नसेल तर कापलेली रक्कम थकबाकी म्हणून दाखवली जाते, आणि वाद तिथूनच सुरू होतो.