स्थिरगती पंपावर व्हीएफडी आणि ऊर्जाबचतीचा अंदाज

एकाच गतीने फिरणाऱ्या जुन्या पंपाच्या मोटरला व्हीएफडी हा ड्राइव्ह जोडून, म्हणजे विजेची वारंवारिता बदलून, तिची गती गरजेप्रमाणे कमी-जास्त करण्याची सुधारणा. एरवी पाणी कमी लागले की बाहेरचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद करतात. तेव्हा पंप पूर्ण गतीने दाब निर्माण करतो आणि व्हॉल्व्ह तो वाया घालवतो. ड्राइव्ह लावल्यावर हा वाया जाणारा दाब मुळातच निर्माण होत नाही.

बचतीचा अंदाज बांधताना सर्वाधिक गल्लत होते ती घननियमामुळे, म्हणजे शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते या नियमामुळे. गती ८० टक्के केली की शक्ती ५१ टक्क्यांवर येते, हे पंपापुरते बरोबर आहे. पण पाइपलाइनमध्ये पाणी निव्वळ घर्षणाविरुद्ध वाहत असेल तरच ते प्रत्यक्षात उतरते. पाणी उंच टाकीत चढवायचे असेल, तर ती उंची प्रवाह कमी झाला तरी घटत नाही. म्हणून एकूण हेडपैकी, म्हणजे पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये मोजलेल्या दाबापैकी, उंचीचे म्हणजे स्थिर हेड किती आणि घर्षणाचे किती, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न कार्यभाराचा: वर्षात कोणत्या प्रवाहावर पंप किती तास चालतो? त्यासाठी पाइपवर बाहेरून बसणारा अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर आणि पॅनेलवर पॉवर लॉगर किमान आठवडाभर, सुटीच्या दिवसासह, ठेवतात आणि ऋतूंनुसार मागणी बदलत असेल तर मोजणी पुन्हा करतात. सरासरी प्रवाह घेऊन हिशेब करू नये, कारण शक्ती प्रवाहाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही.

उदाहरणादाखल १८.५ किलोवॉट मोटरचा पंप घेऊ. तो ताशी १०० घनमीटर पाणी ४० मीटर हेडवर देतो, तर प्रवाह पूर्ण बंद असताना त्याचे हेड ५० मीटर असते. प्रत्येक प्रवाहाला लागणारे हेड काढून पंपाच्या दांड्यावरची शक्ती अशी मिळते (Q ताशी घनमीटर, H मीटर, η पंपाची कार्यक्षमता):

```
kW = Q × H / (367 × η)
```

तिला मोटरच्या, आणि ड्राइव्ह असल्यास त्याच्याही, कार्यक्षमतेने भागले की मीटरवरचा आकडा येतो. खालच्या तक्त्यातील शेवटचे दोन रकाने ड्राइव्हसह, स्थिर हेड अनुक्रमे १० व ३० मीटर धरून आहेत.

| प्रवाह (घ.मी./तास) | वार्षिक तास | व्हॉल्व्ह (किवॉ) | स्थिर १० मी. | स्थिर ३० मी. |
|---|---|---|---|---|
| १०० | १,००० | १६.१ | १६.६ | १६.६ |
| ८० | ३,००० | १४.७ | १०.० | १२.६ |
| ६० | २,००० | १३.० | ५.६ | ९.५ |

व्हॉल्व्हने वर्षाला ८६,२०० युनिट जातात. ड्राइव्हने १० मीटर स्थिर हेडवर ५७,८००, म्हणजे ३३ टक्के बचत. ३० मीटरवर ७३,४००, म्हणजे जेमतेम १५ टक्के. याच पंपाला निव्वळ घननियम लावला तर कागदावर ४५ टक्के बचत दिसते. विक्रेत्याच्या पत्रकात बहुधा हाच आकडा असतो. पाटीवरचे १८.५ किलोवॉट सहा हजार तासांनी गुणून सुरुवात केली, तर मूळ वापरच १,११,००० युनिट धरला जातो आणि फुगवटा आणखी वाढतो. पहिली ओळही पाहण्याजोगी आहे: पूर्ण प्रवाहावर ड्राइव्ह स्वतःच्या तोट्यामुळे थोडी जास्तच वीज घेतो. पंप सदैव एकाच प्रवाहावर चालत असेल आणि तो गरजेपेक्षा मोठा असेल, तर इंपेलर कातून घेणे कितीतरी स्वस्त पडते.

स्थिर हेड जास्त असले की गती कमी करण्यालाही मर्यादा येते. या उदाहरणात ३० मीटरवर सुमारे ३९ हर्ट्झखाली पंप पाणी वर ढकलूच शकत नाही. मोटर फिरते, अँपिअर कमी दिसतात, पण केसिंगमध्ये तेच पाणी घुसळून तापत राहते. केसिंग हाताला गरम लागते आणि फ्लोमीटर शून्य दाखवतो. किमान वारंवारिता या मर्यादेच्या वर ठेवतात.

बसवल्यानंतर बचत दिसली नाही, तर आधी जुना व्हॉल्व्ह पाहावा. तो अर्धवट बंदच राहिल्याचे अनेकदा आढळते. दुसरे कारण दाबसंवेदकाची जागा. तो पंपाच्या तोंडाशी बसवून दाब कायम ३५ मीटर ठेवायला सांगितला, तर ड्राइव्हच्या दृष्टीने ते ३५ मीटर स्थिर हेडच होते. संवेदक लाइनच्या दूरच्या टोकाला नेल्यास कमी प्रवाहात घर्षण घटते, तशी पंपाची गतीही उतरते. मोटरच्या बाजूचे पॉवर फॅक्टर कपॅसिटर मात्र ड्राइव्ह चालू करण्याआधीच काढावे लागतात. ते राहिले तर ड्राइव्ह ओव्हरकरंटवर ट्रिप होतो, किंवा त्याचा आउटपुट विभागच जळतो.