क्रॉप, इरेज आणि मास्क

छायाचित्रातला नको असलेला भाग नजरेआड करण्याच्या तीन वेगवेगळ्या क्रिया. क्रॉप म्हणजे चित्राची चौकट आत ओढून बाहेर राहिलेला भाग छाटणे. इरेज म्हणजे चौकटीच्या आतले पिक्सेल खोडून टाकणे. मास्क म्हणजे पिक्सेलला हात न लावता त्यांच्यावर झाकण ठेवणे. पडद्यावर तिन्हींचा परिणाम कधीकधी हुबेहूब सारखा दिसतो, म्हणून मुले तिन्हींना सरसकट ‘एडिट केलं’ म्हणतात. फरक कळतो तो दुसऱ्या दिवशी, फाइल पुन्हा उघडून काही बदलायचे ठरले की. ही नोंद खानदेशातल्या एखाद्या शाळेच्या फोटोग्राफी क्लबपुढे पंधरा-वीस मिनिटांत बोलता येईल अशा अंगाने लिहिली आहे. उदाहरण घेतले आहे ते सारंगखेड्याच्या घोडेबाजारातल्या एका फोटोचे.

कागदावर आधी

संगणक सुरू करण्याआधी एकाच फोटोच्या तीन प्रिंट टेबलावर ठेवाव्यात. पहिलीची एक बाजू कात्रीने कापावी. दुसरीचा मधला भाग पॉलिश पेपरने घासावा, खालचा पांढरा कागद दिसेपर्यंत. तिसरीवर काळ्या कार्डशीटचा तुकडा ठेवावा, ज्याला हवा तेवढा भाग दिसेल अशी खिडकी कापलेली असेल. मग मुलांना विचारावे, यातला कोणता फोटो पूर्वीसारखा होईल? पहिल्या प्रिंटचा कापलेला तुकडा अजून कुठेतरी पडलेला असतो, पण प्रिंट लहान झालेली असते. दुसरीचा रंग भुकटी होऊन गेलेला असतो. तिसरीवरची कार्डशीट उचलली की फोटो जसाच्या तसा खाली असतो. माझ्या अनुभवात व्याख्या सांगून जे दोन तासांत डोक्यात शिरत नाही, ते या घासलेल्या प्रिंटकडे पाहून एका मिनिटात शिरते.

एक फोटो : सारंगखेडा

नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीकाठी असलेल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. समजा, तिथे सकाळी घेतलेला हा फोटो आहे : डावीकडे मारवाडी घोड्याचे डोके आणि मान, मागे फिकट आकाश, उजव्या कडेला विजेचा खांब आणि अर्धवट फ्लेक्स, आणि खांबावरून निघून घोड्याच्या कानांमागून गेलेली एक तार. फाइल 6000 × 4000 पिक्सेलची, म्हणजे 24 मेगापिक्सेल. मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात, टोके एकमेकांना जवळजवळ टेकतात. त्या दोन कानांच्या मधे आकाशाचा छोटा तुकडा उरतो. पुढे सगळी परीक्षा त्याच तुकड्यात होते.

खांब आणि फ्लेक्स कडेला आहेत, तेव्हा ते क्रॉपचे काम. उजवीकडून 1200 पिक्सेल कापले तर चित्र 4800 × 4000 होते. पण स्टुडिओत 12 × 8 इंचाची प्रिंट काढायची असेल तर लांबी-रुंदीचे प्रमाण 3:2 हवे, म्हणून उंचीही 3200 वर आणावी लागते. या वेळी ते 800 पिक्सेल वरच्या रिकाम्या आकाशातून काढावेत, खालून नव्हे, नाहीतर मान मधेच तुटल्यासारखी दिसते. उरले 4800 × 3200. चांगल्या प्रिंटला इंचामागे साधारण 300 पिक्सेल धरतात, त्या हिशेबाने ही फाइल 16 इंच रुंदीपर्यंत बेलाशक चालते.

आता एखादी मुलगी म्हणेल, मला फक्त घोड्याचा डोळा हवा. तिने 1200 × 800 एवढाच तुकडा कापला तर तीच 12 इंचाची प्रिंट इंचामागे 100 पिक्सेलवर येते आणि पापणीचे केस पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. क्रॉप केल्याने चित्र जवळ येत नाही. आहे तेवढेच पिक्सेल मोठे करून दाखवले जातात. ती दोन पावले पुढे गेली असती तर तो डोळा 24 मेगापिक्सेलमध्ये मिळाला असता.

क्रॉपची खरी मर्यादा मात्र दुसरीच आहे. तो फक्त कडेचे काढू शकतो. तार चौकटीच्या मधून जाते, तिथे क्रॉप हात टेकतो.

तार खोडताना

शाळेच्या संगणकावर बहुधा GIMP हे फोटो सुधारायचे सॉफ्टवेअर असते, ते फुकट मिळते. त्यात फोटो उघडून मुलगा `Eraser` घेतो, तारेवरून फिरवतो, आणि फिक्या निळ्या आकाशात पांढरीशुभ्र रेघ उमटते. तो गोंधळतो, कारण त्याला वाटलेले असते की तार गेली की तिच्यामागचे आकाश दिसेल. पण तारेमागचे आकाश कॅमेऱ्याने टिपलेलेच नाही. जेपीईजी फाइलमध्ये पारदर्शकता साठवायला जागा नसते, म्हणून खोडलेल्या जागी बॅकग्राउंडचा रंग भरला जातो, आणि तो सहसा पांढरा असतो. `Layer` मेनूतल्या `Transparency` मध्ये जाऊन `Add Alpha Channel` केले तर पांढऱ्याऐवजी राखाडी चौकटींचे बुद्धिबळ दिसते. म्हणजे आता तिथे खरोखर भोक आहे. भोकही आकाश नव्हे.

तार घालवून आकाश आणायचे तर शेजारचे आकाश उचलून तारेवर लावावे लागते. त्याचे साधन `Clone`. आपण बोलताना यालाही ‘पुसलं’ म्हणतो, पण हे पुसणे नाही, सारवणे आहे. मातीच्या भिंतीतली भेग बुजवावी तसे. म्हणून ते मूळ फोटोवर करू नये. वर नवा रिकामा लेयर, म्हणजे फोटोवर ठेवलेला पारदर्शक थर, घ्यावा, खालच्या फोटोतले आकाश उचलता यावे म्हणून `Sample merged` वर खूण करावी आणि तारेच्या अगदी लगतचे आकाश उचलावे. दूरचे उचलले तर सकाळच्या आकाशाचा उजेड वर-खाली बदलत असल्याने पट्टा उठून दिसतो. एकाच जागेचे पुन्हापुन्हा उचलले तर ठरावीक अंतरावर तोच डाग दिसत राहतो. चूक शोधायची तर फोटो पडद्याएवढा करून आणि 100 टक्क्यांवर, असा दोनदा पाहावा.

बातमीचित्रांच्या जगात कातरणे आणि खोडणे या दोन क्रियांमधली रेघ फार कडक आहे. 2010 च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत युक्रेनचे छायाचित्रकार स्टेपान रुडिक यांचे बक्षीस रद्द झाले. त्यांनी मूळ चित्राचा मोठा भाग कातरला होता आणि ते कृष्णधवलही केले होते, पण त्यावरून ते बाद झाले नाहीत. चित्रात मागे दिसणारे एका माणसाच्या पायाचे टोक त्यांनी काढून टाकले होते, तेवढ्यावरून झाले. मुलांना हे अन्यायकारक वाटते, आणि त्यावर त्यांना मनसोक्त वाद घालू द्यावा. माझे मत परीक्षकांच्या बाजूचे आहे. कातरलेला फोटो ‘मी इतकेच दाखवतो’ असे सांगतो. खोडलेला फोटो ‘इथे दुसरे काही नव्हते’ असे सांगतो, आणि ते खोटे असते.

मास्क : कानांमधले आकाश

आता फिकट आकाश थोडे गडद करायचे आहे, पण घोडा जसा आहे तसाच ठेवायचा. इथे मास्कला पर्याय नाही. सर्वांत वरचा लेयर निवडून `Layer` मेनूतले `New from Visible` करावे, म्हणजे तार सारवलेल्या फोटोची नक्कल वर येते, आणि ती नक्कल `Curves` ने गडद करावी. आता आकाशाबरोबर घोडाही काळवंडेल, त्याची चिंता करू नये. या वरच्या लेयरवर उजवे बटण दाबून `Add Layer Mask` निवडावे, त्यात `White (full opacity)` ठेवावे. मास्क म्हणजे फोटोच्याच मापाचे दुसरे, राखाडी छटांचे चित्र. त्यातला प्रत्येक ठिपका फक्त एवढेच सांगतो की वरच्या लेयरचा हा पिक्सेल किती दाखवायचा. पांढरा, म्हणजे 255, पूर्ण दाखवतो. काळा, म्हणजे 0, पूर्ण झाकतो. मधल्या छटा त्या-त्या प्रमाणात अर्धवट दाखवतात. घोड्यावर काळा ब्रश फिरवला की गडद नक्कल तेवढ्यापुरती झाकली जाते आणि खालचा उजळ घोडा वर येतो. हात चुकून आकाशावर गेला तर रंग पांढरा करून तिथून पुन्हा फिरवावे, चूक भरून निघते. रंगांची अदलाबदल `X` कळीने होते.

मानेच्या कडेला कडक ब्रश चालतो. आयाळीला तो वापरला तर घोडा कॅलेंडरवरून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. उलट, फार मऊ ब्रशने घोड्याभोवती उजेडाचे वलय तयार होते, देवादिकांच्या तसबिरीत असते तसे. आयाळीच्या केसांमध्ये मधली राखाडी छटा आणि छोटा ब्रश घेऊन केसांच्या दिशेने ओढत जावे. आणि कानांमधला तो तुकडा : दहापैकी आठ मुले दोन्ही कान एका फटकाऱ्यात काळे करतात, मग गडद आकाशात कानांच्या मधे एक फिकट डाग राहून जातो. तो पाहायचा सोपा मार्ग म्हणजे `Alt` दाबून मास्कच्या छोट्या चित्रावर क्लिक करणे. सगळा मास्क काळ्या-पांढऱ्यात समोर येतो आणि राहिलेली छिद्रे लगेच दिसतात.

सर्वांत जास्त होणारी चूक वेगळीच. मास्कवर न रंगवता मुले लेयरवरच रंगवतात आणि घोड्याच्या गालावर काळा फराटा उमटतो. लेयरच्या यादीत दोन छोटी चित्रे शेजारीशेजारी असतात. ज्याला पांढरी किनार आहे त्यावर काम चालू आहे, एवढे रंगवण्याआधी पाहून घ्यावे.

मास्क टिकवायचा तर फाइल GIMP च्या स्वतःच्या `.xcf` प्रकारात ठेवावी लागते. जेपीईजी काढली की सगळे लेयर चेपून एक होतात, झाकलेले कायमचे जाते. मी सुरुवातीच्या दिवसांत एका लग्नातला फोटो असाच मूळ नावाने जेपीईजीत सेव्ह केला होता. कडेला उभ्या असलेल्या आजी कातरल्या गेल्या होत्या, आणि त्या घरात आजींचा तो शेवटचा फोटो होता. तेव्हापासून मूळ फाइलवर मी कधीही सेव्ह करत नाही.

लपवायचे असेल तेव्हा

झाकलेले परत मिळते, हा मास्कचा फोटोतला गुण. आधार कार्डाचा क्रमांक लपवताना हाच दोष होतो. मोबाइलवर हायलायटरसारख्या पारदर्शक ब्रशने क्रमांक काळा केला तर उजेड वाढवून खालचे आकडे वाचता येतात. वर्डमध्ये क्रॉप केलेल्या चित्राचा कापलेला भाग फाइलमध्येच राहतो, तो घालवायला `Compress Pictures` मध्ये `Delete cropped areas of pictures` निवडावे लागते. GIMP मध्येही क्रॉप करताना `Delete cropped pixels` ची खूण काढलेली असेल तर कापलेले चौकटीबाहेर लपून बसते. अशा कामाला इरेजची वृत्तीच हवी : आकड्यांवर पूर्ण अपारदर्शक रंगाचा चौकोन भरावा, चित्र एका लेयरवर चेपावे, नव्या नावाने जेपीईजी काढावी आणि पाठवण्याआधी तीच फाइल उघडून उजेड शेवटपर्यंत वाढवून पाहावी.