स्टीलच्या बाटलीचा प्रॉडक्ट रेंडर: मटेरियल आणि थ्री-पॉइंट लायटिंग

संगणकात तयार केलेल्या बाटलीच्या थ्रीडी मॉडेलवर खऱ्या धातूसारखे मटेरियल चढवून आणि मुख्य, पूरक व मागचा असे तीन दिवे लावून काढलेले जाहिरातीचे चित्र. स्टीलच्या बाबतीत मटेरियल लवकर जमते, वेळ जातो तो दिव्यांत.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये Principled BSDF हे तयार मटेरियल घेऊन त्यातले Metallic पूर्ण 1 ठेवावे. 0.5 वर स्टील रंग दिलेल्या प्लास्टिकसारखे दिसते; पदार्थ एकतर धातू असतो किंवा नसतो. Roughness, म्हणजे खडबडीतपणा, साधारण 0.3 घेतला की लेथवर घासलेल्या बाटलीची मंद चमक येते. झाकणाच्या प्लास्टिकला Metallic 0.

धातूला स्वतःचा पसरट रंग नसतो; समोर जे असेल तेच त्यात दिसते. सांगलीच्या गणपती पेठेत भांड्यांच्या दुकानात उभी बाटली पाहावी. छतावरची ट्यूबलाइट फक्त तिच्या खांद्यावर चमकते, अंगावर मात्र दाराचा उजेड उभी पांढरी पट्टी होऊन उतरतो. म्हणून चेहऱ्यासाठी मुख्य दिवा वर, तिरका लावतात ती सवय इथे चालत नाही. दिवा बाटलीच्या उंचीलाच, बाजूला हवा.

किती उंच? समजा दुकानदाराच्या कॅटलॉगसाठी 26 सेंमी उंचीची बाटली आहे, कॅमेरा तिच्या मध्याच्या उंचीवर 1 मीटरवर आणि एरिया लाइट, म्हणजे सपाट चौकोनी दिवा, बाटलीपासून 50 सेंमीवर. उभ्या दिशेने बाटली सपाट आरशासारखी वागते, तेव्हा पट्टी बुडापासून गळ्यापर्यंत जायला दिवा 26 × 1.5, म्हणजे किमान 39 सेंमी उंच लागतो. 60 बाय 15 सेंमीचा घेतला की पट्टीची टोके बाटलीबाहेर जातात. पट्टी अर्ध्यातच तुटली तर दिवा बुटका आहे, वॅट वाढवून काही होत नाही.

दिवा 1 मीटरवर नेला तर जमिनीवरचा उजेड कमी होतो, पण पट्टी फिकी न होता अरुंद होते. फिकी करायची तर वॅट तेच ठेवून दिव्याची लांबी-रुंदी दुप्पट करावी. तेवढाच प्रकाश चौपट जागेवर पसरतो. नवशिक्यांची इथेच हमखास गल्लत होते.

पूरक दिव्याऐवजी दुसऱ्या बाजूला पांढरा प्लेन, म्हणजे सपाट पडदा, ठेवला तरी भागते, किंबहुना ते जास्त नैसर्गिक दिसते. मागचा दिवा कडेला बारीक रेघ देतो. गडद पार्श्वभूमीवर तिच्याशिवाय बाटली काळोखात विरते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर उलटे घडते: कड मागचा पांढरा रंगच दाखवते आणि आकार हरवतो. तिथे मागचा दिवा काढून चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना अरुंद काळे प्लेन उभे करावेत.