यात्रेच्या जेवणाचं लोकेशन पुण्यात कसं गेलं?

आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावात यंदा बऱ्याच वर्षांनी लक्ष्मीची यात्रा होती. यात्रेचं जेवण म्हटलं की आमच्याकडे पै-पाहुणे, मित्र, मित्रांचे मित्र सगळेच येतात, त्यामुळे चुलत भाऊ म्हणजे आमचा दादा सकाळपासून सोप्यात बसून एकेकाला लोकेशन पाठवत होता. दुपारी बेळगावच्या मित्राचा फोन आला, "अरे तू पुण्यातच आहेस की रे! आम्ही पिरनवाडी ओलांडली आणि मॅप म्हणतोय अजून सहा तास." दादानं फोन बघितला तर खरंच, निळा ठिपका पुण्यात, तेही तो आधी जिथं भाड्यानं राहायचा अगदी त्याच बिल्डिंगवर.

दादा अंगणात गेला, अर्धा मिनिट थांबला, ठिपका उडी मारून गावात आला. त्यानं लोकेशन पाठवलं, आत येऊन पानं वाढायला लागला आणि थोड्या वेळानं बघतो तर परत पुणे! सगळे म्हणायला लागले फोनचं जीपीएस गेलंय, दुकानात दाखव. पण वहिनीचा फोन वेगळ्या कंपनीचा, तोही सोप्यात ठेवला की पुणेच दाखवायचा. दोन वेगळे फोन एकाच जागी एकच चूक करतायत म्हणजे बिघाड फोनमध्ये नाही, हे तिथंच कळायला पाहिजे होतं, मला मात्र ते कळायला दोन दिवस लागले.

आपण सगळ्यालाच "जीपीएस" म्हणतो पण फोनला जागा सांगणारे तीन वेगवेगळे साक्षीदार असतात: उपग्रह, आसपासचे वाय-फाय राउटर आणि मोबाईलचे टॉवर. तिघांचं ऐकून फोन एक ठिपका काढतो. हे तिघं कधी आणि कसे चुकतात ते बघितलं की दादाचं पुणं आपोआप समजतं.

उपग्रहापासून सुरुवात करूया. फोन उपग्रहाला काहीच पाठवत नाही, नुसता ऐकतो. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून साधारण 20,200 किलोमीटर वर फिरतात आणि प्रत्येक जण सतत एवढंच सांगत असतो की मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. हा वेळ सेकंदाच्या पंधराव्या भागाच्या आसपास असतो आणि त्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची जरी चूक झाली तरी अंतर 300 मीटरनं चुकतं. उपग्रहात अणुघड्याळ आहे, आपल्या फोनातलं घड्याळ त्यापुढं अगदीच साधं, म्हणून जागेसाठी तीन उपग्रह आणि फोनच्या घड्याळाची चूक काढायला चौथा, असे कमीत कमी चार लागतात. उघड्या माळावर बहुतेक फोन चार-पाच मीटरच्या आत जागा सांगतात, त्याला तोड नाही.

पण एवढ्या लांबून येणारा सिग्नल इथं पोचेपर्यंत फार क्षीण झालेला असतो. कौलाखाली तो बऱ्याचदा थोडाफार येतो, सिमेंटच्या स्लॅबखाली जवळजवळ मरतो. दादाच्या घरावर दोन वर्षांमागं स्लॅब पडला. अंगणात जीपीएस आहे आणि सोप्यात नाही, त्याचं कारण एवढंच.

इथं एक गैरसमज सांगायलाच पाहिजे कारण आमच्या भागात तो फार ऐकू येतो, "जांबोटीच्या पुढं रेंज नाही म्हणून जीपीएस चालत नाही." उपग्रहाला रेंजची गरज नसते. होतं काय की उपग्रह नेमके कुठं आहेत याचा तपशील फोनला आधी पाहिजे असतो. नेट असेल तर तो इंटरनेटवरून क्षणात येतो, नसेल तर खुद्द उपग्रहाकडून ऐकावा लागतो आणि उपग्रह तो सेकंदाला फक्त 50 बिट या वेगानं सांगतो, एक फेरी 30 सेकंदांची. चोर्ला घाटात एका बाजूला डोंगर, वर पावसानं भिजलेली झाडी, गाडी वळणावर वळणं घेतेय, मधेच सिग्नल तुटला की तो भाग पुढच्या फेरीत परत ऐकायचा. म्हणून पहिला ठिपका यायला कधीकधी कितीतरी मिनिटं जातात आणि माणसाला वाटतं बंदच पडलंय. त्यात नेट नसल्यामुळं मॅपचं चित्रही येत नाही. ठिपका हलतोय पण मागचं चित्र कोरं आहे, असं दिसलं तर जीपीएस व्यवस्थित आहे, नकाशा तेवढा आलेला नाही. बेळगावातच मॅप डाउनलोड करून चालू ठेवला तर कणकुंबीच्या पुढंही तो चालत राहतो, हे मी कितीदा बघितलंय.

टॉवरचं काम ढोबळ. प्रत्येक टॉवरच्या प्रत्येक तोंडाला एक नंबर असतो, फोनला तो कळतो, आणि त्या नंबरचा सिग्नल कुठल्या भागात ऐकू येतो याची नोंद मॅपवाल्या कंपन्यांकडं असते. शहरात टॉवर दाट, त्यामुळं काहीशे मीटरपर्यंत अंदाज येतो, खेड्यात तोच कित्येक किलोमीटरचा होतो. शिवाय फोन जवळचाच टॉवर पकडेल असं काही नाही, तो ज्याचा सिग्नल जोरात येतो तो पकडतो. आमच्याकडं सीमेवर हे रोजचंच आहे, शिनोळीच्या बाजूला कर्नाटकातल्या घरात बसलेल्या माणसाला महाराष्ट्रात स्वागताचा मेसेज येतो आणि उंच टेकडीवर चढलं तर लांबलांबचे टॉवर लागतात. माणूस एका राज्यात, सिग्नल दुसऱ्या राज्यातला. नुसत्या टॉवरवर ठिपका काढला तर तो सीमेपलीकडं पडू शकतो.

आता वाय-फाय. राउटर स्वतः कुठं आहे हे त्याला अजिबात माहीत नसतं. तो फक्त आपला नंबर हवेत ओरडत असतो, सेकंदाला साधारण दहा वेळा, आणि पासवर्ड माहीत नसला तरी तो नंबर कुठलाही फोन ऐकू शकतो. रस्त्यानं जाणाऱ्या हजारो फोनना उपग्रहावरून स्वतःची जागा माहीत असते आणि त्याच वेळी कुठले राउटर ऐकू येतायत तेही कळतं, हे दोन्ही एकत्र करून कंपन्यांनी भलीमोठी वही बनवलीय: अमुक नंबरचा राउटर अमुक ठिकाणी. मग तुमचा फोन घरात बसून विचारतो, मला हे पाच नंबर ऐकू येतायत, मी कुठं आहे? उत्तर येतं. राउटरचा सिग्नल फार तर पन्नास-शंभर मीटरच जातो, म्हणून उत्तर बरंच नेमकं असतं.

बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत याचा फार उपयोग होतो. गल्ली अरुंद, दोन्हीकडं उंच इमारती, उपग्रहाचा सिग्नल भिंतीवर आपटून फिरून येतो, वाट 30 मीटरनं जरी लांबली तरी फोनला वाटतं उपग्रह तेवढा लांब आहे आणि ठिपका शेजारच्या गल्लीत जातो. दुकानादुकानात राउटर आहेत ते तिथं सांभाळून घेतात.

सांभाळून घेतात म्हणजे कसं ते बघा. समजा उपग्रह म्हणतो तू इथं आहेस, पण माझा अंदाज 30 मीटर इकडंतिकडं होऊ शकतो. वाय-फाय म्हणतं तू तिथं आहेस, 10 मीटर इकडंतिकडं. दोघांच्या ठिपक्यात 40 मीटरचं अंतर आहे. फोन सरळ मधला बिंदू घेत नाही, ज्याची चूक कमी त्याला जास्त वजन देतो आणि हे वजन चुकीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असतं. चूक तिप्पट तर वजन नऊ पट कमी. म्हणजे दहातले नऊ भाग वाय-फायला, एक भाग उपग्रहाला, आणि ठिपका वाय-फायनं सांगितलेल्या जागेपासून फक्त 4 मीटरवर पडतो. खरं सॉफ्टवेअर याशिवाय आधीचा ठिपका कुठं होता, माणूस चालतोय की बसलाय हेही बघतं, पण गाभा हाच.

ठिपक्याभोवतीचा फिकट निळा गोल म्हणजे ही उरलेली शंका. अँड्रॉइडमध्ये त्याचा अर्थ ठरलेला आहे, तुम्ही त्या गोलाच्या आत असण्याची शक्यता 68 टक्के. म्हणजे अंदाज अगदी बरोबर असला तरी तीनात एकदा माणूस गोलाच्या बाहेरच असतो.

आणि इथंच सगळी गोम आहे. हे वजन तेव्हाच बरोबर पडतं जेव्हा प्रत्येक साक्षीदार आपली चूक खरी सांगतो. दादानं पुण्याची खोली सोडताना राउटर सोबत आणला होता, पाडव्याला गावात फायबर आलं आणि तोच राउटर लावला. वहीत त्याचा पत्ता पुण्याचाच. त्याची जागा रस्त्यानं जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरनं बदलली होती, पण विचारलं की तो छातीठोकपणे सांगायचा, पुण्याच्या या बिल्डिंगमध्ये, वीस-पंचवीस मीटर इकडंतिकडं. गोल छोटासा. टॉवरचा गोल केवढाही मोठा असला तरी माणूस बहुतेक त्याच्या आसपासच असतो, हा छोटा गोल मात्र पूर्ण खोटा होता.

बाकी दोघांनी त्याला अडवलं कसं नाही? शहरात असता तर अडवलं असतं. एक राउटर पुण्याचं सांगतोय आणि शेजारचे दहा बेळगावचं, तर तो एकटा बाजूला टाकला जातो. आमच्या गल्लीत तेव्हा दुसरा राउटरच नव्हता. आणि दादाचा राउटर दोन बँडचा, तो एकटाच दोन वेगळे नंबर ओरडतो, म्हणजे खोटी साक्षही जोडीनं. टॉवरची रेंज घरात नाहीच, म्हणून तर फायबर घेतलं. उपग्रह स्लॅबनं तोडले. अंगणातून आत आल्यावर थोडा वेळ जुना ठिपका टिकायचा, पण तो जसा शिळा होतो तशी त्याच्याभोवतीची शंका वाढते, आणि शेवटी ताजा पण खोटा साक्षीदार जिंकायचा.

खात्री करायला आम्ही राउटरची वायर काढली, दोन्ही फोन सोप्यात ठेवले, पुणं गेलं. नुसता फोनचा वाय-फाय बंद करून भागत नाही कारण बऱ्याच फोनमध्ये लोकेशनसाठी वाय-फाय स्कॅनिंग वेगळं चालू राहतं, ते सेटिंगमध्ये जाऊन वेगळं बंद करावं लागतं. कायमचा उपाय म्हणजे राउटरच्या नावाच्या शेवटी `_nomap` लावायचं, उदाहरणार्थ `Ghar_nomap`, मग गूगल तो राउटर वहीत धरत नाही.

दादानं नाव बदललं नाही, पाहुण्यांना पासवर्ड परत सांगत बसायला लागेल म्हणाला. यात्रेनंतर गल्लीत अजून दोन घरांनी फायबर घेतलं, अंगणातून येणाऱ्या-जाणाऱ्या फोननी राउटरची नवी जागा नोंदवली असणार, आणि मिरग लागेपर्यंत सोप्यात बसूनसुद्धा ठिपका गावातच यायला लागला. गोल मात्र आता पहिल्यापेक्षा मोठा दिसतो.