कंसातला हशा आणि चार सेकंदांची शांतता

सभेचा गोषवारा करणारा माणूस बोललेलं सहसा विसरत नाही. त्याच्या हातून सुटतं ते न बोललेलं: कोण हसलं, कोण गप्प राहिलं, कुणाचं वाक्य कुणी तोडलं. ज्याला नीट ऐकू येतं त्याचं यात फारसं अडत नाही, शंका आली तर तो रेकॉर्डिंग लावून पाहतो. ज्याला ऐकू कमी येतं त्याच्यासाठी मात्र तो गोषवारा म्हणजेच ती सभा. त्यात जे उतरलं नाही ते त्याच्यापुरतं घडलंच नाही. असे क्षण लिहायचे कसे, हा प्रश्न नवा नाही. तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांनी तो आपापल्या गरजेपुरता सोडवला, आणि गंमत म्हणजे त्यांतल्या दोघांच्या डोळ्यांसमोर बहिरा वाचक नव्हताच.

सगळ्यात जुनी सोय कंसाची. छापील भाषणांत मध्येच येणारा ‘(हशा)’ किंवा ‘(टाळ्या)’ मराठी वाचकाला चांगलाच परिचयाचा आहे. हजर नसलेल्या माणसाला सभेचा रंग कळावा, एवढाच त्याचा हेतू. लोकसभेच्या कामकाजाच्या हिंदी पाठात तसंच ‘(व्यवधान)’ येतं. पण हा कंस ‘काहीतरी झालं’ एवढंच सांगतो. कोण हसलं, वक्त्याबरोबर हसलं की वक्त्याला हसलं, गोंधळ दोघांचा की दोनशेंचा, यातलं काहीच तो सांगत नाही.

ब्रिटिश संसदेच्या हॅन्सार्डमध्ये, म्हणजे तिथल्या कामकाजाच्या अधिकृत अहवालात, मात्र एक शहाणी रीत रुळली. जागेवर बसून कुणी मारलेला शेरा एरवी नोंदवायचा नाही. बोलणाऱ्या सदस्यानं त्याला उत्तर दिलं, तरच नोंदवायचा. कारण उघड आहे. शेरा गाळला तर उत्तर हवेत लोंबकळतं. आवाज किती मोठा होता यापेक्षा पुढच्या बोलण्यावर त्याचा परिणाम झाला का, ही ती कसोटी. गोषवारा लिहिणाऱ्यानं एकच नियम पाठ करायचा असेल तर माझ्या मते तो हाच.

याच सभागृहात जॅक अ‍ॅश्ली नावाचे मजूर पक्षाचे खासदार होते. १९६६ साली ते निवडून आले आणि पुढच्याच वर्षी कानाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचं ऐकणं पूर्ण गेलं. राजीनामा न देता ते १९९२पर्यंत खासदार राहिले, बराचसा काळ ओठ वाचून. सत्तरच्या दशकात साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या अ‍ॅलन न्यूएल यांच्या गटानं त्यांच्यासाठी पालनटाइप या लघुलेखन यंत्राला संगणक जोडला. लघुलेखक टाइप करी आणि अ‍ॅश्लींसमोरच्या छोट्या पडद्यावर शब्द उमटत. मात्र पालनटाइपचा कळफलक बोललेल्या उच्चारांसाठी रचलेला होता. हसण्याला किंवा थांबण्याला त्यावर कळ नव्हती, म्हणजे लिहिणाऱ्यानं मुद्दाम शब्दांत सांगावं तेव्हाच ते पोचणार.

टीव्हीच्या सबटायटलकारांना हा प्रश्न रोजचाच झाला. १९७२मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर स्वयंपाकाचा एक कार्यक्रम सगळ्यांना दिसतील अशा सबटायटलसह देशभर दाखवला गेला. हवी तेव्हा चालू-बंद करता येणारी सबटायटलं तिथं १९८०पासून नियमित मिळू लागली. ब्रिटनमध्ये टेलिटेक्स्ट या टीव्हीवरच्या मजकूर-सेवेतून ती त्याच सुमाराला आली. ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांमधल्या दोन गोष्टी इथं उपयोगाच्या आहेत. एक म्हणजे, उपरोधानं बोललेल्या वाक्यापुढे कंसात उद्गारचिन्ह टाकायचं, (!) असं, कारण उपरोध शब्दांत नसतो, सुरात असतो. दुसरी म्हणजे, पडद्यावर बराच वेळ कुणी बोलत नसेल तर ‘लांब विराम’ असं लिहायचं, नाहीतर प्रेक्षकाला वाटतं की सबटायटलंच बंद पडली. शांतताही लिहावी लागते, हे प्रेक्षकांच्या अशा अगदी व्यावहारिक अडचणीतून ठरलं.

खरी बारकाई आली ती समाजशास्त्रातून. कॅलिफोर्नियात साठच्या दशकात हार्वी सॅक्स संभाषणाचा अभ्यास करत होते आणि गेल जेफरसन या त्यांच्यासाठी टेप उतरवत. जेफरसन यांनी जे ऐकू येतं ते सगळं उतरवायला सुरुवात केली: श्वास, अडखळणं, एकमेकांवर चढलेले आवाज, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजलेली शांतता. त्यांची चिन्हं आजही जगभर वापरली जातात. पण आपल्याला चिन्हांपेक्षा त्यांतून जे हाती लागलं त्याच्याशी कर्तव्य आहे.

हसण्याचंच पाहा. १९८५च्या एका लेखात जेफरसन यांनी किशोरवयीन मुलांच्या गट-समुपदेशनातलं एक वाक्य घेतलं. ते आधी ‘खळखळून हसत’ असा शेरा मारून उतरवलेलं होतं. त्याच टेपवरून वाक्य पुन्हा अक्षर-अक्षर उतरवल्यावर दिसलं, की हसू सगळ्या वाक्यभर नव्हतंच. ते फक्त चावट शब्दांवर होतं आणि त्यामुळे नेमके तेच शब्द अस्पष्ट झाले होते. पुढचा ‘मलाही तेच वाटलं’ हा भाग स्वच्छ, न हसता बोललेला. म्हणजे हसू आवरता न येणं एवढाच तो प्रकार नव्हता. नको तो शब्द उच्चारायचा आणि उच्चारल्यासारखं दाखवायचंही नाही, हे काम ते हसू करत होतं. ‘हसत म्हणाला’ या दोन शब्दांत हे सगळं पुसलं जातं.

दुसरं निरीक्षण याहून कामाचं. आपली अडचण सांगणारा माणूस पुष्कळदा मध्ये हसतो, पण ऐकणारा हसत नाही. तो गंभीरपणे पुढचा प्रश्न विचारतो. सांगणाऱ्याचं हसू ‘मी सावरलोय’ असं सांगत असतं आणि ऐकणाऱ्याचं न हसणं ‘तरी मी हे हलक्यात घेत नाही’ असं. गोषवाऱ्यात नुसतं ‘(हशा)’ पडलं, की वाचकाला वाटणार सगळे मिळून हसले. बहिऱ्या वाचकाला ते पडताळून पाहायची सोय नाही.

शांततेबाबत सॅक्स, त्यांचे सहकारी शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी १९७४मध्ये एक साधा भेद मांडला: ती कुणाची आहे? बोलणारा मध्येच थांबला तर ती त्याची. एखाद्याला नाव घेऊन प्रश्न विचारला आणि तो बोलला नाही, तर ती त्याची. कुणाचीच पाळी नसताना सगळे गप्प झाले तर ती सगळ्यांची. पुढे जेफरसन यांना असंही आढळलं, की इंग्रजी संभाषणात साधारण एका सेकंदापुढे शांतता गेली की कुणीतरी ती मोडायला पुढे सरसावतं. हे सेकंद जसेच्या तसे मराठीला लावू नयेत. पण चार सेकंद कोणत्याही सभेत लांबच.

आता हे गोषवाऱ्यात कसं उतरतं ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा, आणि टेपवर हे आहे:

सभासद: लिफ्टवाल्याला दुसरा हप्ता कधी दिला?
(४ सेकंद)
खजिनदार: मार्चमध्ये… म्हणजे, मार्चअखेर. (स्वतः हसतात)
सभासद: पण पावतीवर तर जून–
अध्यक्ष: चला, पुढचा विषय घेऊ.

नेहमीचा गोषवारा असा होईल: ‘लिफ्टच्या दुसऱ्या हप्त्याबाबत विचारणा झाली. रक्कम मार्चअखेर दिल्याचं खजिनदारांनी सांगितलं. त्यानंतर पुढचा विषय घेण्यात आला.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण सभा सुटल्यावर जिन्यात लोक ज्याविषयी बोलत होते, ते यात कुठंच नाही.

मग उत्साहाच्या भरात दुसरं टोक गाठलं जातं: ‘खजिनदार गडबडले, ओशाळं हसले आणि अध्यक्षांनी प्रश्न दाबून टाकला.’ हा निवाडा झाला. ऐकू येणारा सभासद टेप ऐकून स्वतःचं मत बनवू शकतो. इथं वाचकाच्या हाती लेखकाचं मत आयतं दिलं आणि त्याचं स्वतःचं मत बनवायचा कच्चा माल काढून घेतला.

मी असं लिहीन: ‘दुसरा हप्ता कधी दिला, या प्रश्नावर खजिनदार सुमारे चार सेकंद गप्प होते. मग “मार्चअखेर” असं सांगून ते हसले. बाकी कुणी हसलं नाही. सभासद पावतीवरच्या जून महिन्याचा उल्लेख करत होत्या, त्यांचं वाक्य पुरं होण्याआधीच अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.’ शांतता कुणाची ते आलं, किती ते आलं, हसू कुणाचं आणि कुणाचं नाही ते आलं. विशेषण एकही नाही. आणि त्या चार सेकंदांत कागद चाळल्याचा आवाज येत असेल तर ‘कागद चाळत’ हे दोन शब्द घालायलाच हवेत. त्यांच्यामुळे त्या शांततेचा अर्थच पालटतो.

एकावर एक बोलणं याहून नाजूक. दोन आवाज चढले की ते ‘मध्येच तोडलं’ असं लिहायची घाई होते. आपल्याकडे कुणी बोलत असताना ‘अगदी, अगदी’, ‘हो ना!’ चालूच असतं. बोलणारा त्यानं थांबत नाही, उलट त्याला जोर चढतो. कॅलिफोर्नियातल्या एका जेवणावळीतल्या गप्पांचा अभ्यास करून भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनीही हेच दाखवलं, की असं एकत्र बोलणं कित्येकदा आपुलकीचं असतं. पारख सोपी आहे. पहिल्यानं वाक्य पुरं केलं का? केलं असेल तर तोडलं म्हणू नये. सोडून दिलं असेल, किंवा ‘मला बोलू द्या’ म्हणावं लागलं असेल, तर लिहावं.

ऑनलाइन सभांनी यात नवा घोळ घातला आहे. आवाज उशिरा पोचला की उत्तर देणारा घुटमळल्यासारखा वाटतो, आणि दोघं एकदम बोलू लागतात तेव्हा भांडल्यासारखे. एखाद्याचं प्रत्येक उत्तर, अगदी ‘ऐकू येतंय का?’ला ‘हो’सुद्धा, तितक्याच उशिरानं येत असेल तर तो लाइनचा दोष, ती शांतता लिहू नये. हसण्याचं उलट होतं. बहुतेकांचे माइक बंद असतात, त्यामुळे विनोदावर टेपमध्ये सामसूम असते आणि पडद्यावर सगळे हसत असतात. नुसत्या आवाजावरून गोषवारा करणारा तिथं ‘कुणी हसलं नाही’ असं लिहून बसतो. चित्र पाहिलं नसेल तर ‘टेपवर हसण्याचा आवाज नाही’ इतकंच म्हणावं.

नियमांची मदत इथं थोडकीच. वेब सुगम्यतेच्या २००८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सबटायटलच्या व्याख्येतच, आशय समजायला लागणारे बोलण्यापलीकडचे आवाज धरले आहेत. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृक्‌श्राव्य माध्यमांसाठी सबटायटलची तरतूद आहे. दोन्ही ठिकाणी विचार झाला आहे तो मुख्यतः मूळ ध्वनीबरोबर चालणाऱ्या मजकुराचा. सोसायटीच्या सचिवापुढे तर आणखी एक पेच असतो: कायदेशीर इतिवृत्तात खजिनदारांची चार सेकंदांची शांतता घालायला सभा कधीच मंजुरी देणार नाही, आणि ते रास्तही आहे. इतिवृत्तात ठराव, सूचक, अनुमोदक आणि मतं राहू द्यावीत. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी वेगळा गोषवारा करावा आणि त्यावर ‘हे इतिवृत्त नव्हे’ असं ठळक लिहावं.